टाकीतला सूर्यास्त : प्रकल्प नोंदी

22 डिसेंबर

भाची नववीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतलाय, 'आकाश दिवसा निळं आणि मावळतीला तांबडं का दिसतं'. आज तक्ता गुंडाळून माझ्या फोटो स्टुडिओत आली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'समुद्राच्या प्रतिबिंबामुळे आकाश निळे दिसते.' म्हटलं, मग नागपूरला आकाश कुठल्या रंगाचं असतं? जरा वेळ गप्प बसली, मग स्वतःच खोडरबर काढलं.

खालचं वाक्य बरोबर होतं. निळा प्रकाश जास्त विखुरतो, तांबडा कमी. पण जास्त म्हणजे किती, हे कुठेच नव्हतं. आणि आकडा कळल्याशिवाय दुपारचा निळा आणि संध्याकाळचा तांबडा एकाच गोष्टीतून निघतात हे पटत नाही.

म्हणून आधी तेवढंच केलं. निळ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी साधारण 450 नॅनोमीटर, तांबड्याची 650. हवेतला नायट्रोजनचा किंवा ऑक्सिजनचा रेणू या लांबीच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान. इतक्या बारीक कणावर प्रकाश पडला की तो चहूबाजूंना थोडा थोडा उडतो, आणि लहर जितकी आखूड तितका जास्त उडतो. हा नियम लॉर्ड रेले यांनी 1871 मध्ये मांडला : विखुरणं लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. 650 भागिले 450 म्हणजे 1.44, त्याचा चौथा घात सुमारे 4.35. म्हणजे निळा तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. भाचीनं कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.

मग तिचा प्रश्न आला, "मामा, जांभळ्याची लहर निळ्यापेक्षाही आखूड. मग आकाश जांभळं का नाही?" प्रश्न चोख आहे. विखुरताना जांभळा खरंच निळ्याच्या पुढे असतो. पण सूर्याच्या प्रकाशातच तो निळ्यापेक्षा कमी, आणि आपला डोळा जांभळ्याच्या बाबतीत मंद. शिवाय आकाशातून येतो तो नुसता एक रंग नसतो, सगळे रंग कमीअधिक मिसळलेले असतात. ते मिश्रण डोळ्याला पांढरट निळं वाटतं.

ठरलं असं : काचेची लांब टाकी, एका टोकाकडून प्रकाश सोडायचा. बाजूनं पाहिलं की दुपार दिसली पाहिजे, समोरून पाहिलं की मावळतीचा सूर्य. दोन्ही एकाच वेळी, एकाच पाण्यात.

25 डिसेंबर

नाताळची सुट्टी, स्टुडिओत गिऱ्हाईक नाही. माळ्यावरची जुनी माशांची टाकी उतरवली. 60 सेंटीमीटर लांब, 15 रुंद. 15 सेंटीमीटरपर्यंत भरली की साधारण साडेतेरा लिटर पाणी बसतं.

पहिला प्रयोग फसला. एलईडी टॉर्च लावली आणि घरचं म्हशीचं दूध चमच्याचमच्यानं घालत गेलो. टाकी पांढरी झाली. निळी नाही, नुसती पांढरी, धुक्यासारखी. समोरून टॉर्च फिकट पिवळी पडली आणि मग दिसेनाशीच झाली. आईनं स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "पोरांनू, दुदाची नासाडी कित्याक करतास?" तिला उत्तर देण्यासारखं तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं.

रात्री विचार केल्यावर दोन चुका सापडल्या.

एक, दूध. ताज्या दुधात स्निग्धाचे गोळे असतात, काही मायक्रोमीटरचे, म्हणजे प्रकाशाच्या लहरीच्या कित्येक पट मोठे. एवढ्या मोठ्या कणाला लहर आखूड की लांब याचं सोयरसुतक नसतं. तो सगळे रंग जवळपास सारखेच उडवतो, म्हणून पांढरं. ढग पांढरे दिसतात तेही याच कारणानं. दुधात केसीन या प्रथिनाचेही कण असतात आणि ते बरेच लहान, साधारण 0.1 ते 0.2 मायक्रोमीटर. स्निग्ध काढून टाकलं तर मागे हेच राहतात. पाणी घातलेलं दूध आपण 'निळं पाणी' म्हणून गवळ्याच्या नावानं बोटं मोडतो, तो निळेपणा यांचाच.

दोन, टॉर्च. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा दिवा आणि वर पिवळा लेप. त्याच्या प्रकाशात गडद तांबडा फार थोडा असतो. जे मुळात नाहीच ते शेवटी उरणार कुठून?

28 डिसेंबर

स्लाइड प्रोजेक्टर काढला. लग्नाच्या स्लाइड दाखवायचा जमाना गेला, पण 150 वॅटचा हॅलोजन अजून पेटतो. तारेचा दिवा असल्यामुळे तांबड्यापासून निळ्यापर्यंत सलग प्रकाश देतो. रिकाम्या स्लाइडच्या जागी काळ्या पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून बसवलं, म्हणजे नीट गोल झोत मिळाला.

दूध आईनं दोनदा तापवून, थंड करून, साय काढून दिलं. त्यातलं खालचं 5 मिलिलिटर घातलं, ढवळलं, खिडक्या बंद केल्या.

बाजूनं पाहिलं तर झोताची रेघ निळसर. खरोखर निळी, उदबत्तीच्या धुराला काळ्या पार्श्वभूमीवर येते तशी. प्रोजेक्टरजवळच्या टोकाला जास्त निळी, लांबच्या टोकाकडे जाताना फिकट पिवळसर. म्हणजे टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता जाता झोतातला निळा गळत होता. भाचीला समोर, झोताच्या वाटेत पांढरा कागद धरायला सांगितलं. 5 मिलिलिटरला कागदावरचं वर्तुळ हलकं पिवळं. 20 ला सोनेरी. 40 ला नारिंगी. 60 ला गडद तांबूस आणि इतकं मंद की कागद डोळ्याजवळ न्यावा लागला.

दूध वाढवणं म्हणजे हवेचा थर वाढवणं, हे तिला आपणहून सुचलं. मी काहीच बोललो नव्हतो.

31 डिसेंबर

फोटोंनी दगा दिला. डोळ्याला दिसलेली निळी रेघ फोनच्या फोटोत करडी, आणि नारिंगी वर्तुळ जवळपास पांढरं. हा तर माझ्याच धंद्यातला प्रश्न, आधीच सुचायला हवा होता. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असला की समोरचा रंगाचा कल काढून टाकणं हेच त्याचं काम. सूर्यास्ताचे फोटो फोनवर फिके येतात त्याचं हे एक मोठं कारण.

आता सगळे फोटो मोठ्या कॅमेऱ्यावर. टाकीसाठी व्हाइट बॅलन्स 3200 केल्व्हिनला बांधला, म्हणजे हॅलोजनचा प्रकाश 'पांढरा' धरला जातो. आकाशासाठी 5500 ला बांधणार, म्हणजे दुपारचा सूर्य पांढरा. दोन्हीकडे मूळ दिवा पांढरा धरला तरच तुलना करता येते.

आणखी एक खाच. फोटोतला आकडा म्हणजे प्रकाश नव्हे. निळ्या रेघेत लाल 120, निळा 170 आला. भागाकार 1.42. पण जेपीईजी फोटोत आकडे दाबून साठवलेले असतात, त्यामुळे खऱ्या प्रकाशाचं प्रमाण काढायला साधारण 2.2 वा घात घ्यावा लागतो. 1.42 चा 2.2 वा घात म्हणजे 2.15. टाकीत उडालेला निळा लालच्या 2.15 पट.

रेलेच्या नियमानं किती यायला हवा होता? कॅमेऱ्याचा लाल सेन्सर साधारण 600 नॅनोमीटरच्या आसपास बघतो, निळा 460 च्या. त्यांच्या गुणोत्तराचा चौथा घात 2.9. आम्ही कमी पडलो. केसीनचे कण रेणूंइतके बारीक नाहीत आणि सायीखालीही थोडं स्निग्ध राहतंच, म्हणून पांढरा मिसळतो. भाची हिरमुसली. मी म्हटलं, तक्त्यावर दोन्ही आकडे लिही आणि मधला फरक कशामुळे तेही लिही.

5 जानेवारी

डार्करूमच्या कपाटात हायपोचा डबा निघाला. सोडियम थायोसल्फेट, कृष्णधवल फोटो फिक्स करायला वापरायचो ते. हायपोच्या पाण्यात आम्ल पडलं की गंधकाचे सूक्ष्म कण तयार होतात, आणि ते डोळ्यांदेखत वाढत जातात. दुधाच्या कणांचं माप ठरलेलं, ते वाढत नाहीत. इथे लहानापासून मोठ्यापर्यंतचा सगळा प्रवास बघायला मिळतो.

दोन लिटरच्या चौकोनी काचपात्रात 20 ग्रॅम हायपो विरघळवलं. भाचीच्या विज्ञानाच्या बाईंनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल दिलं होतं, ते 30 मिलिलिटर घातलं. यात सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, घशाला लागतो. म्हणून व्हरांड्यात, संध्याकाळी अंधार पडल्यावर, आणि दोघांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून.

पहिली दोन मिनिटं काही नाही. मग पाण्यात झोताची रेघ उमटायला लागली, दुधापेक्षा कितीतरी स्वच्छ निळी. मी खिशातून पोलरायझर काढला, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश पार होऊ देणारा फिल्टर, लेन्सवर लावायचा तोच, आणि रेघेकडे आडव्या बाजूनं बघत फिरवला. एका कोनाला रेघ जवळजवळ विझली. पाव फेरा फिरवला, पुन्हा उजळली. बारीक कणांवरून काटकोनात उडालेला प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो, त्याची ही खूण. भाचीनं फिल्टर हातातून घेतला तो परत द्यायलाच तयार नव्हती.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला समोरच्या भिंतीवरचं वर्तुळ पिवळ्यावरून नारिंगीकडे सरकलं. सातव्याला कुंकवासारखं तांबडं. तोवर बाजूची रेघ मात्र निळी राहिली नव्हती, दुधट झाली होती, आणि पोलरायझर फिरवला तरी आता विझत नव्हती, नुसती थोडी मंद व्हायची. कण मोठे झाले होते. दहाव्या मिनिटाला वर्तुळ गेलं, पात्र पांढरं.

फोटोग्राफर म्हणून मी वर्षानुवर्षं आकाश गडद करायला हाच फिल्टर वापरतोय. सूर्याकडे खांदा करून उभं राहायचं, सूर्यापासून 90 अंशांवरचं आकाश सगळ्यात जास्त काळवंडतं, हे हाताला पाठ आहे. आणि धुरकट दिवशी फिल्टर चालत नाही हेही. त्या दोन्ही गोष्टी आज दहा मिनिटांत एका काचपात्रात दिसल्या.

9 जानेवारी

आज गणित. हवेचा थर खरंच किती वाढतो?

सूर्य डोक्यावर असताना प्रकाश जेवढी हवा ओलांडतो तिला एक थर म्हणू. सूर्य 30 अंशांवर आला की दोन थर. 5 अंशांवर साधारण दहा. क्षितिजाला टेकला की सुमारे 38. हवा वर विरळ होत जाते आणि पृथ्वी गोल आहे म्हणून हा आकडा 38 वर थांबतो, सपाट पृथ्वीवर तो अनंत झाला असता.

हवा अगदी स्वच्छ असेल तर एका थरातून 450 नॅनोमीटरचा निळा सुमारे 80 टक्के पार होतो, 650 चा तांबडा 95 टक्के. फरक मामुली वाटतो. म्हणूनच दुपारचा सूर्य पांढराच दिसतो, आणि उडालेला थोडका निळा सगळं आकाश रंगवतो. पण हे थर बेरजेनं नाही, गुणाकारानं लागू होतात. दोन थरांना निळा 64 टक्के. दहा थरांना 10 टक्क्यांच्या आसपास, तेव्हा तांबडा अजून 60 टक्के. आणि 38 थरांना निळा दहा हजारांत जेमतेम दोन, मधला हिरवा सुमारे अडीचशे, तांबडा दीड हजार.

भाचीनं शेवटच्या ओळीकडे बघत विचारलं, "मग धुळीची गरजच नाही?" नाही. निव्वळ हवा पुरते. धुळीमुळेच सूर्यास्त तांबडा होतो हे जे सगळीकडे सांगतात, त्यावर आता समुद्रावर जाऊनच बोलायचं.

12 जानेवारी

सागरेश्वरच्या किनाऱ्यावर दोन तास. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश झाकले जातात, त्या मापानं सूर्याची उंची मोजत गेलो. एक मूठ उरली तेव्हा मावळायला पाऊण तास बाकी होता.

डोक्यावरच्या आकाशाचं निळा-लाल प्रमाण दुपारी 1.9. क्षितिजालगत 1.1, म्हणजे जवळपास पांढरं. तिकडे नजर जाते ती बऱ्याच हवेतून, तिथे प्रकाश पुन्हा पुन्हा उडून रंग एकमेकांत मिसळून जातात. त्यात थंडीतली धुरकट हवा.

त्या धुरकटपणानं संध्याकाळची मजा घालवली. सूर्य दोन-तीन अंशांवर असतानाच मंद, तांबड्या तव्यासारखा झाला, डोळे न दिपता बघता येत होता. आणि मग समुद्राला न टेकताच विरून गेला. भोवतीचं आकाश राखाडी. घरी येऊन ऑक्टोबरातले फोटो उघडले, पाऊस गेल्या गेल्या काढलेले, योगायोगानं याच जागेवरून. त्यात सूर्य शेवटपर्यंत झगझगीत सोनेरी-नारिंगी, वर पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग, आणि सूर्य गेल्यावर तेच ढग खालून पेटलेले.

धुळीबद्दल माझं मत असं झालं. बारीक धूर असेल तर तो तांबडेपणात भर घालतो, तेही एका मर्यादेपर्यंत. 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर जगभर विलक्षण सूर्यास्त दिसले, ते वरच्या हवेत पसरलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. पण खालच्या हवेतली जाड धूळ आणि दमट धुरकं रंग खाऊन टाकतं. ते आमचं दहाव्या मिनिटाचं पात्र.

19 जानेवारी

प्रदर्शन झालं. हॉलमध्ये ट्यूबलाइटी इतक्या की निळी रेघ दिसेना. स्टुडिओतलं काळं कापड आणून टाकीवर तंबू केला, मुलं त्यात डोकं घालून बघत होती. हायपो नेलं नाही, बंद खोलीत तो वायू नको. त्याचा व्हिडिओ लावला.

एका परीक्षकांनी समुद्राच्या प्रतिबिंबाचाच मुद्दा काढला. भाचीनं सी. व्ही. रामन यांचं सांगितलं : 1921 मध्ये बोटीनं परतताना भूमध्य समुद्रावर त्यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे त्या काळच्या पोलरायझरमधून पाहिलं. पृष्ठभागावरून परावर्तित झालेलं आकाश छाटलं तरी समुद्र निळाच राहिला. म्हणजे आकाश समुद्राचा रंग घेत नाही, आणि समुद्रही सगळा रंग आकाशाकडून उसना घेत नाही. मग तिनं त्यांच्या हातात पोलरायझर दिला. बक्षीस दुसरं मिळालं.

26 जानेवारी

झेंडावंदन झालं, संध्याकाळी पुन्हा किनारा. आज हवा बरी होती. सूर्य गेल्यावर वीस मिनिटांनी सरळ डोक्यावर कॅमेरा लावून फोटो घेतला. निळा-लाल प्रमाण 2.6. दुपारी 1.9 होतं, आता त्याहून निळं.

हे आमच्या टाकीत बसत नाही. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर डोक्यावर पोचणारा प्रकाश हवेच्या लांबलचक थरातून तिरपा आलेला असतो. टाकीच्या हिशेबानं तो पिवळट असायला हवा आणि डोक्यावरचं आकाशही मळकट. उत्तर वर आहे, 20-25 किलोमीटरवरच्या ओझोनमध्ये. ओझोन 600 नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-पिवळा भाग थोडासा शोषतो. दुपारी प्रकाश त्या थरातून सरळ खाली येतो, तेव्हा ते जाणवत नाही. संधिप्रकाशात तो थराला घासत जातो, वाट लांबते आणि नारिंगी गळतो. 1953 मध्ये हलबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं हिशेब करून दाखवलं, की तिन्हीसांजेला डोक्यावर दिसणारा निळा मुख्यतः ओझोनचा. दुपारचा निळा विखुरल्यामुळे, हा निळा शोषल्यामुळे.

भाची वाळूवर बसून तक्त्याच्या फोटोकडे बघत होती. म्हणाली, "मामा, मग आपला तक्ता अर्धाच." घरी येऊन तिनं टाकीच्या चित्राखाली निळ्या पेननं एक ओळ लिहिली : 'सूर्य मावळल्यानंतरचा निळा या टाकीत दिसत नाही.'

प्रोजेक्टरसमोर पिवळा-नारिंगी अडवणारा फिकट निळा जिलेटिन फिल्टर धरून बघायचं ठरलंय. कपाटात असेल एखादा, शोधतो.